आधी कोणत्या रुग्णाकडे जायचे? नर्सिंग परीक्षेतील प्राधान्यक्रमाचे प्रश्न आणि एबीसी क्रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॉरसेट, शासकीय अधिपरिचारिका भरती आणि परदेशातील नोंदणीसाठीची एनक्लेक्स या परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, त्यांतील प्राधान्यक्रमाविषयीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एखाद्या उत्तराचा भाग दुसरीकडे सविस्तर आला असल्यास तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्राधान्यक्रमाचा प्रश्न ओळखायचा कसा? सगळेच पर्याय बरोबर वाटतात.

सगळे पर्याय बरोबर वाटतात, कारण बहुतेक वेळा ते बरोबरच असतात. चारही रुग्णांना परिचारिकेची गरज असते आणि चारही कृती आज ना उद्या करायच्याच असतात. प्रश्नात ‘सर्वप्रथम’, ‘आधी’, ‘तातडीने’, ‘सर्वाधिक प्राधान्य’ असे शब्द असतील, तर परीक्षक योग्य-अयोग्य विचारत नाही, क्रम विचारतो. अशा वेळी प्रत्येक पर्यायापाशी थांबून एकच गोष्ट पाहावी: या रुग्णाकडे मी दहा मिनिटे गेले नाही, तर त्याचे कायमचे नुकसान होईल का? ज्याच्याबाबत हे उत्तर ‘होय’ येते तो पहिला. एबीसी क्रम, म्हणजे ‘ए’ श्वासमार्ग, ‘बी’ श्वसन आणि ‘सी’ रक्ताभिसरण, हा त्या ‘होय’पर्यंत पोहोचण्याचा मार्ग आहे.

२. श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण हाच क्रम का? पहिल्या दोहोंत फरक काय?

ज्या बिघाडाने मृत्यू सर्वांत लवकर ओढवतो तो आधी, असा या क्रमाचा हिशेब आहे. श्वासमार्ग पूर्ण बंद झाला तर मेंदूला ऑक्सिजन मिळणे थांबते आणि साधारण चार ते सहा मिनिटांत मेंदूच्या पेशींना इजा होऊ लागते. मार्ग मोकळा असला, पण छाती पुरेशी हवा आत-बाहेर करत नसली, तर थोडा अधिक वेळ हाती असतो. रक्ताभिसरण तिसरे येते, कारण रक्त फिरत राहिले तरी त्यात ऑक्सिजनच नसेल तर ते फिरून उपयोग नाही.

पहिल्या दोहोंतला फरक आवाजावरून सहज लक्षात राहतो. श्वास आत घेताना घशातून येणारा कर्कश आवाज, म्हणजे स्ट्रायडर, घशातली गुरगुर, अचानक बदललेला घोगरा आवाज आणि गिळता न आल्याने गळणारी लाळ ही श्वासमार्गाची लक्षणे आहेत. श्वास सोडताना छातीतून येणारी शिट्टीसारखी घरघर, वाढलेला श्वसनवेग, बरगड्यांमधली खेच आणि घसरलेले सॅच्युरेशन ही श्वसनाची. जो रुग्ण पूर्ण वाक्य न अडखळता बोलतो, त्याचा श्वासमार्ग त्या क्षणी तरी मोकळा आहे असे समजावे.

३. म्हणजे दमा किंवा सीओपीडी असलेला रुग्ण नेहमी पहिला, असेच ना?

नाही. या विषयातले सर्वाधिक गुण येथेच जातात. विद्यार्थी पर्यायात ‘दमा’, ‘न्यूमोनिया’ किंवा ‘सीओपीडी’ हा शब्द पाहतात, श्वसन म्हणजे ‘बी’ असे मनात जुळवतात आणि पुढचे वाक्य न वाचताच खूण करतात. परीक्षकाला हे ठाऊक असते, म्हणून तो श्वसनाचा आजार असलेला, पण स्थिर असा रुग्ण मुद्दाम पर्यायांत ठेवतो.

एबीसी हा क्रम निदानाला लावायचा नसतो. तो रुग्णात आत्ता दिसणाऱ्या लक्षणांना लावायचा असतो. अनेक वर्षांपासून सीओपीडी असलेल्या, कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या रुग्णासाठी ८८ ते ९२ टक्के हेच सॅच्युरेशनचे उद्दिष्ट असते. त्यामुळे त्याचे ९० टक्के सॅच्युरेशन ही त्याच्यासाठी रोजची स्थिती आहे. उलट काल छातीच्या तक्रारीशिवाय दाखल झालेल्या, आज अचानक ९० टक्क्यांवर आलेल्या रुग्णाकडे धावत जावे लागते. आकडा तोच असला तरी अर्थ निराळा आहे.

म्हणून आमच्या वर्गात आम्ही आधी स्थिर आणि अस्थिर अशी विभागणी करून घेतो आणि एबीसी क्रम केवळ अस्थिर रुग्णांना लावतो. स्थिर रुग्णाला ‘ए’ किंवा ‘बी’ असे अक्षर चिकटवून पुढे आणायचे नसते.

४. रुग्ण अस्थिर आहे हे प्रश्नातल्या कोणत्या शब्दांवरून कळते?

प्रश्नातला काळ आणि बदल दाखवणारा शब्द शोधावा. ‘नुकतेच’, ‘अचानक’, ‘गेल्या अर्ध्या तासात’, ‘आधी नव्हते’, ‘वाढत चालले आहे’ हे शब्द अस्थिरता सांगतात. ‘नेहमीचे’, ‘अनेक वर्षांपासून’, ‘उद्या घरी सोडणार’, ‘शस्त्रक्रियेनंतरचा तिसरा दिवस’ हे शब्द सहसा स्थिरता सांगतात.

दुसरी कसोटी अपेक्षित आणि अनपेक्षित यांची. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवशी जखम दुखणे अपेक्षित आहे. त्याच रुग्णाचे पोट कडक होऊन नाडीचा वेग वाढणे अनपेक्षित आहे. अपेक्षित लक्षण कितीही त्रासदायक असले तरी ते सहसा मागे राहते.

एक शब्द मात्र विद्यार्थ्यांच्या हातून हमखास निसटतो, तो म्हणजे ‘अस्वस्थ’. कालपर्यंत शांत असलेला रुग्ण अस्वस्थ झाला, गोंधळल्यासारखे बोलू लागला, मास्क ओढून काढू लागला, की पहिली शंका ऑक्सिजन कमी पडत असल्याची घ्यावी. ओठ निळे पडणे हे उशिराचे लक्षण आहे. अस्वस्थता त्याच्या बरीच आधी येते, म्हणूनच ती परीक्षेत साध्या वाक्यात दडवलेली असते.

५. एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवून दाखवाल का?

दुपारी दोनच्या हँडओव्हरला पुढील चार रुग्ण तुमच्याकडे आले आहेत असे समजा.

पहिल्या खाटेवर सीओपीडीच्या ६४ वर्षांच्या आजी आहेत. त्यांना दोन लिटर ऑक्सिजन चालू आहे, सॅच्युरेशन ९० टक्के आहे, पांढरा कफ पडतो आणि त्या शेजारच्या बाईंशी गप्पा मारत आहेत. दुसऱ्या खाटेवर सकाळी थायरॉईडची शस्त्रक्रिया झालेली ३८ वर्षांची महिला आहे. तिचे ड्रेसिंग कोरडे आहे, सॅच्युरेशन ९७ टक्के आहे, नाडी ११२ आहे आणि ती सारखी उठून बसत म्हणते आहे, “सिस्टर, गळ्याभोवती आवळल्यासारखं होतंय.” तिसऱ्या खाटेवर नडगीच्या हाडाच्या फ्रॅक्चरसाठी काल प्लास्टर घातलेला तरुण आहे. वेदनाशामक इंजेक्शन देऊन अर्धा तास झाला तरी त्याच्या वेदना वाढतच आहेत, आणि पायाची बोटे कोणी हलवली की तो ओरडतो. चौथ्या खाटेवर इन्सुलिन घेतल्यानंतर जेवण न मिळालेला मधुमेही आहे. त्याला दरदरून घाम आला आहे, रक्तातील साखर ५८ आहे, पण तो शुद्धीवर आहे आणि नीट उत्तरे देतो.

घाईत वाचणारा पहिल्या खाटेला खूण करतो, कारण तेथे ऑक्सिजन आणि ९० हा आकडा दिसतो. पण आजी स्थिर आहेत (कारण प्रश्न ३ मध्ये). उरलेले तिघे अस्थिर आहेत, त्यामुळे आता त्यांच्यात एबीसी लावायचे.

उत्तर दुसरी खाट. येथे कोरडे ड्रेसिंग आणि ९७ टक्के सॅच्युरेशन या दोन्ही गोष्टी दिशाभूल करतात. थायरॉईडच्या जागी झालेला रक्तस्राव टाक्यांच्या आत साठतो आणि श्वासनलिकेभोवती दाब वाढवतो, किंवा उताण्या रुग्णात ओघळून मानेच्या मागे जातो. म्हणून समोरची पट्टी पाहून समाधान मानायचे नसते, हात मानेखाली आणि खांद्यामागे घालून ओल लागते का हे पाहायचे असते. सॅच्युरेशन तर श्वासमार्ग बराच अरुंद होईपर्यंत चांगलेच दिसत राहते. आवळल्याची भावना, अस्वस्थता आणि वाढलेली नाडी ही तिन्ही लक्षणे स्ट्रायडर सुरू होण्यापूर्वीची आहेत, आणि स्ट्रायडरची वाट पाहणे म्हणजे हातातला वेळ घालवणे.

खाटेपाशी गेल्यावर तिचे डोके व खांदे उंच करावेत, ऑक्सिजन द्यावा, तिला एकटे न सोडता मदतीला हाक मारून शल्यचिकित्सकांना तातडीने बोलवावे, आणि टाके काढण्याचे साहित्य व ट्रॅकिऑस्टॉमीचा संच उघडण्याच्या तयारीत ठेवावा. साठलेले रक्त मोकळे करण्यासाठी जखम खाटेवरच उघडावी लागू शकते. शस्त्रक्रियेनंतर थोडा बसलेला आवाज नळी घातल्यामुळे असू शकतो आणि तो अपेक्षित आहे. वाढत जाणारा घोगरेपणा मात्र अपेक्षित नाही.

दुसऱ्या क्रमांकावर चौथी खाट येते. कमी साखरेने मेंदूचे इंधन तुटते आणि रुग्ण काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो, पण तो आत्ता गिळू शकतो, त्यामुळे १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज तोंडाने देण्याचे काम सहकाऱ्याला हाक मारून लगेच होते. तिसऱ्या क्रमांकावर प्लास्टरचा तरुण (त्याच्याविषयी प्रश्न ९ पाहावा). त्याच्या पायाचे नुकसान तासांच्या हिशेबात होते, मिनिटांच्या नव्हे. आजी चौथ्या.

६. दोन रुग्णांना एकाच वेळी श्वसनाचा त्रास असेल तर?

तेव्हा कोण अधिक थकला आहे ते पाहावे. दम्याचे दोन रुग्ण दिले आहेत. एकाच्या छातीत मोठी घरघर ऐकू येते, श्वसनवेग ३० आहे आणि तो तुटक वाक्ये बोलतो. दुसऱ्याची घरघर तासाभरापूर्वी होती, आता ऐकू येत नाही, तो झोपाळलेला आहे आणि श्वसनवेग १२ वर आला आहे. सुधारणा झाली असे समजून विद्यार्थी दुसऱ्याला मागे ठेवतात. येथे हवाच इतकी कमी आत-बाहेर होते आहे की घरघर निर्माण होण्यापुरताही प्रवाह उरलेला नाही. यालाच शांत छाती म्हणतात, आणि झोपाळलेपण हे कार्बन डायऑक्साइड साठत असल्याचे चिन्ह आहे. हा रुग्ण श्वास थांबण्याच्या उंबरठ्यावर आहे, त्यामुळे तो पहिला.

खरोखर सुधारलेल्या रुग्णाची घरघर कमी होते तेव्हा त्याच्या छातीत हवा जाण्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतो आणि तो जागा व अधिक बोलका होतो. पर्यायात या गोष्टींचा उल्लेख आहे की नाही हे तपासावे.

७. श्वास जलद असला की तो श्वसनाचाच बिघाड समजायचा का?

प्रत्येक वेळी नाही. मधुमेहातील कीटोअॅसिडोसिसमध्ये रुग्ण खोल आणि जलद श्वास घेतो. त्याची फुप्फुसे व्यवस्थित असतात. रक्तातले आम्ल कमी करण्यासाठी शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत असते. म्हणून ‘बी’ म्हणून ऑक्सिजनचा पर्याय निवडणे येथे चुकते. पहिली गरज शिरेतून द्यायच्या नॉर्मल सलाईनची आहे, कारण लघवीवाटे बरेच पाणी गेलेले असते. त्यानंतर पोटॅशियमचा आकडा पाहून इन्सुलिन. हा रुग्ण अस्थिर आहेच, पण त्याचे मूळ ‘सी’मध्ये आहे. याच प्रश्नात स्ट्रायडरचा दुसरा रुग्ण असेल तर तो आधी.

८. रक्तस्राव किंवा रक्ताभिसरण कधी पहिले येते?

तीन ठिकाणी येते, आणि तिन्ही परीक्षेत विचारली जातात.

पहिले, हृदयक्रिया बंद पडलेला प्रौढ. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० मध्ये क्रम बदलून छातीवरील दाब आधी आणला, कारण अचानक हृदय थांबलेल्या प्रौढाच्या रक्तात पहिली काही मिनिटे ऑक्सिजन शिल्लक असतो आणि तो मेंदूपर्यंत पोहोचवणे अधिक निकडीचे असते. त्यामुळे रुग्ण बेशुद्ध असून श्वास व नाडी नसेल तर ३० दाब आणि २ श्वास हे चक्र दाबांपासून सुरू होते. बुडालेली व्यक्ती आणि जन्मतः श्वास न घेणारे बाळ यांचे मूळ कारण ऑक्सिजनचा अभाव असल्याने तेथे श्वास देण्याला आधीचे स्थान आहे.

दुसरे, अवयवातून उसळून वाहणारे बाह्य रक्त. अपघातात मांडीची मोठी धमनी तुटली असेल तर जखमेवर थेट दाब किंवा टूर्निके आधी, कारण असा रक्तस्राव श्वासमार्ग तपासण्याइतकाही वेळ देत नाही.

तिसरे ठिकाण खरे तर अपवाद नाही, पण विद्यार्थ्यांना तो अपवाद वाटतो. प्रसूतीपश्चात कक्षात एका मातेला दमा आहे, सॅच्युरेशन ९६ टक्के आहे आणि ती इनहेलर मागते आहे. दुसरीची प्रसूती दोन तासांपूर्वी झाली असून १५ मिनिटांत पॅड पूर्ण भिजले आहे आणि गर्भाशय हाताला मऊ लागते. दुसरी आधी, कारण पहिलीचा श्वास या क्षणी बिघडलेला नाही. तिच्यापाशी पहिली कृती गर्भाशय घट्ट होईपर्यंत त्याला मसाज करण्याची. मूत्राशय भरलेले असेल तर गर्भाशय आकुंचन पावत नाही, म्हणून तेही लगेच पाहावे.

९. वेदनेला नेहमी मागे ठेवायचे का?

अपेक्षित वेदनेला मागे ठेवावे, पण वेदना जेव्हा रक्तपुरवठा तुटल्याची खूण असते तेव्हा ती ‘सी’मध्ये मोडते. छातीत नव्याने सुरू झालेली, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी वेदना याच प्रकारची. दुसरे उदाहरण प्लास्टर घातलेल्या पायाचे. इजेच्या मानाने फार जास्त, औषधाने न शमणारी आणि बोटे ताणल्यावर वाढणारी वेदना असेल, तर बंदिस्त स्नायूंत दाब वाढून रक्त पोहोचत नसल्याची शंका घ्यावी. नाडी लागत नाही तोवर काळजी नाही असे अनेक जण लिहितात, ते चुकीचे आहे, कारण नाडी जाणे हे उशिराचे लक्षण आहे. अशा पायाखाली उशी ठेवून तो हृदयाच्या पातळीपेक्षा उंच करू नये, कारण त्याने आधीच कमी पडलेला रक्तपुरवठा आणखी कमी होतो. पाय हृदयाच्या पातळीवर ठेवून डॉक्टरांना तातडीने कळवावे.

१०. आधी तपासणी करायची की आधी कृती? आणि ‘डॉक्टरांना कळवा’ हा पर्याय कधी बरोबर?

प्रश्नात मिळालेली माहिती निर्णयाला पुरेशी आहे का, यावर हे ठरते. ‘रुग्णाला बरे वाटत नाही’ इतकेच दिले असेल तर तपासणी आधी. पण रक्त चढवणे सुरू करून दहा मिनिटे झाली आहेत, रुग्ण थंडीने कापतो आहे आणि कंबर दुखते म्हणतो, असे दिले असेल तर तपासायचे काही उरलेले नाही. चालू रक्त तत्काळ बंद करणे ही पहिली कृती. नव्या नळीने सलाईन चालू ठेवणे, तापमान-रक्तदाब घेणे आणि डॉक्टरांना कळवणे त्यानंतर. परिचारिका स्वतः करू शकेल अशी जीव वाचवणारी कृती पर्यायांत असेल, तर ‘डॉक्टरांना कळवा’ दुसऱ्या क्रमांकावर जाते. तशी कृती करून झाली असेल किंवा उपलब्धच नसेल, तर कळवणे हेच उत्तर.

येथे एक ठळक अपवाद आहे. ताप असलेले, पुढे वाकून हातांवर टेकलेले आणि लाळ गाळणारे मूल दिले असेल, तर घशात पाहणे किंवा चमचा घालून जीभ दाबणे हा पर्याय कधीही निवडू नये. सुजलेला एपिग्लॉटिस त्या स्पर्शाने श्वासमार्ग पूर्ण बंद करू शकतो. मुलाला आईच्या मांडीवर, त्याला सोयीच्या स्थितीत बसू द्यावे, रडवू नये, आणि श्वासनलिकेत नळी घालू शकणाऱ्या तज्ज्ञांना बोलवावे.

११. मोठ्या अपघाताच्या प्रश्नात माझे उत्तर नेहमी चुकते. असे का?

कारण तेथे प्रश्नच बदलतो. वॉर्डात सर्वाधिक गंभीर रुग्ण पहिला असतो. एकाच वेळी अनेक जखमी आले आणि हात कमी पडले, की वाचू शकणारा गंभीर रुग्ण पहिला होतो. स्टार्ट या वर्गीकरणात चालू शकणाऱ्यांना हिरवी पट्टी मिळते. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास न घेणाऱ्या प्रौढाला काळी पट्टी देऊन पुढे जावे लागते. श्वसनवेग मिनिटाला ३० पेक्षा अधिक, नखाचा रंग परत यायला दोन सेकंदांहून अधिक वेळ, किंवा साधी सूचना न पाळणे यांपैकी काहीही असेल तर लाल. बाकीचे पिवळे.

वॉर्डात ज्याच्यासाठी सारे धावतात, त्या श्वास थांबलेल्या रुग्णाला येथे मागे ठेवावे लागते, आणि मन ते स्वीकारत नाही, म्हणून उत्तर चुकते. प्रश्नाच्या पहिल्या ओळीत ‘बस अपघात’, ‘इमारत कोसळली’, ‘एकाच वेळी अनेक जखमी’ असे काही आहे का, हे पर्याय वाचण्याआधी पाहावे. एकच जखमी असेल तर नेहमीचा क्रम लागू होतो.

१२. मानसिक आरोग्याच्या प्रश्नांत एबीसी लागू होते का?

शारीरिक बिघाड दिला असेल तर होते. औषधांचा अतिरिक्त डोस घेऊन आलेल्या, झोपाळलेल्या रुग्णाचा श्वास आधी पाहायचा, संवाद नंतर. शारीरिक बिघाड नसेल तर सुरक्षितता पहिली: ज्याच्याकडे आत्महत्येची ठरलेली योजना आणि साधन आहे तो, नुसत्या निराशेने रडणाऱ्याच्या आधी. दीर्घकाळ खिन्न असलेला रुग्ण एकाएकी शांत व आनंदी होऊन आपल्या वस्तू वाटू लागला असेल, तर प्रश्न ४ मधील अचानक बदलाची कसोटी त्यालाही लावावी आणि त्याच्याकडे सर्वांच्या आधी जावे.